आहेराचा सेट : बिल वाढतं, पण नफा वाढतो का?

लग्न ठरलं की मराठी घरात पहिली मोठी खरेदी असते ती बस्त्याची. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, करवल्यांच्या साड्या, मानपानाची लुगडी, पाहुण्यांचे टॉवेल-टोपी हे सगळं एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचं आणि त्याचं एकच बिल करायचं. दोन्हीकडची मंडळी गाडी करून येतात, दुकानदार चहा-नाश्ता करतो आणि चार-पाच तासांनी गठ्ठे बांधून मंडळी परततात. ज्या गोष्टीला आज ऑनलाइन विक्रेते ‘बंडल’ म्हणतात, ती आपल्याकडचे कापड दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. नुसती साडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एक साडी घेऊन जातं. बस्त्याला आलेलं कुटुंब मात्र यादी घेऊन आलेलं असतं.

बस्ता मोठ्या दुकानात, बऱ्याचदा तालुक्याला किंवा पुण्याला होतो. पण लग्नाला जाणाऱ्या शेकडो पाहुण्यांचा आहेर घेतला जातो तो गावातल्या भांड्यांच्या दुकानातून. दौंड तालुक्यातल्या राहूसारखं गाव घ्या. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. ऊस आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, उसाचे पैसे हातात येऊ लागतात आणि उन्हाळ्यात लग्नांची एकच झुंबड उडते. अशा गावातल्या भांड्यांच्या दुकानात एप्रिल-मे महिन्यात रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “भाऊ, पाचशेपर्यंतचं काहीतरी दाखवा.”

या वाक्याचं उत्तर दुकानदार कसं देतो, त्यावर त्याचा हंगाम ठरतो. अलीकडे बरेच जण उत्तर म्हणून सेट पुढे करतात. कढई एकटी न देता कढई, झारा, सांडशी असं एका खोक्यात, वर रिबीन लावून देतात. पाचशेचं बिल साडेसातशेचं होतं आणि दुकानदार खूश होतो. पण हिशेब नीट मांडला, तर ही खुशी कधीकधी कागदापुरतीच असल्याचं दिसतं.

सरासरी बिलाची गंमत

सेट विकण्यामागचा हेतू एका आकड्यात सांगता येतो. महिन्याची एकूण विक्री भागिले बिलांची संख्या, म्हणजे सरासरी बिल. गावात लग्नं किती होणार हे दुकानदाराच्या हातात नाही आणि पाहुणे किती येणार हेही नाही. त्यामुळे आलेल्या प्रत्येक माणसाचं बिल थोडं वाढवणं हाच त्याच्यापुढचा मार्ग असतो.

पण भांड्यांच्या दुकानात ही सरासरी सहज फसवते. तिथे दोन अगदी वेगळी गिऱ्हाइकं येतात. एक आहेरवाला, तो पाच-सातशे रुपयांत काम उरकतो. दुसरा मुलीचा बाप. त्याला अख्खा संसार घ्यायचा असतो : हंडा, कळशी, परात, पिंप, पातेल्यांची उतरंड, डब्यांची उतरंड, ताटं, वाट्या, तांबे. त्याचं बिल हजारांत जातं.

समजा, एखाद्या दुकानात एप्रिलमध्ये २०० बिलं झाली. त्यांतली १९२ आहेराची, सरासरी ५०० रुपयांची, म्हणजे ९६,०००. उरलेली ८ संसाराची, प्रत्येकी साडेदहा हजारांची, म्हणजे ८४,०००. एकूण विक्री १ लाख ८० हजार आणि सरासरी बिल ९०० रुपये. पण त्या दुकानात ९०० रुपयांचं गिऱ्हाईक कुणीच नाही. पुढच्या महिन्यात संसाराची दोनच बिलं जास्त झाली आणि बाकी काहीही बदललं नाही, तरी सरासरी ९९५ वर जाते. त्याच महिन्यात दुकानदाराने आहेराचे सेट सुरू केले असतील, तर त्याला वाटेल सेट चालले. खरं तर गावात दोन मुलींची लग्नं जास्त निघाली, एवढंच झालेलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन वह्या. संसाराची बिलं वेगळी, आहेराची वेगळी. सेटचा परिणाम बघायचा तो फक्त आहेराच्या वहीत.

आहेराचा आकडा आधीच ठरलेला असतो

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, जी शहरातल्या ‘गिफ्टिंग’च्या सल्ल्यांमध्ये सापडत नाही. गावातला आहेर ही हौसेची खरेदी नसते, ती देवाणघेवाण असते. प्रत्येक घरात आहेराची वही असते. आपल्या लेकाच्या लग्नात कुणी काय दिलं, किती रुपये लिहिले, हे तिच्यात असतं. त्या घरी कार्य निघालं की वही उघडली जाते आणि तेवढ्याच किंवा त्याहून जरा वरच्या किमतीचा आहेर फेडला जातो. वही बघून निघालेला माणूस पाचशे म्हणाला, तर तो आकडा त्याने हवेतून काढलेला नसतो.

त्यामुळे पाचशेवाल्याला अकराशेचा सेट दाखवून फारसं काही होत नाही. तो “राहू द्या” म्हणतो आणि पाकिटात पाचशे एक घालतो. पाकीट हाच भांड्याच्या दुकानाचा खरा प्रतिस्पर्धी आहे. बिल वाढवायला जाऊन गिऱ्हाईक पाकिटाकडे वळलं, तर बिलच होत नाही. सरासरीत हे नुकसान दिसतही नाही, कारण न झालेलं बिल कुठेच लिहिलेलं नसतं. उलट छोटी बिलं गळून पडल्यामुळे सरासरी वाढलेली दिसते! म्हणून सरासरीच्या शेजारी बिलांची संख्याही लिहायलाच हवी.

सेट चालतो तो एका पायरीपुरता. पाचशेवाला साडेसातशेपर्यंत येतो, साडेसातशेवाला हजाराच्या आसपास. वहीतल्या आकड्यापेक्षा ‘थोडं वरचढ’ देण्याची रीत आहेच. त्या रीतीत बसेल एवढीच पायरी ठेवायची.

एका कढईचा हिशेब

आता एक सेट प्रत्यक्ष मांडून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत, कर सध्या बाजूला ठेवला आहे. ज्याने त्याने आपापल्या दुकानाचे दर घालून बघावेत.

दुकानात स्टीलची कढई ५०० रुपयांना विकली जाते, खरेदी ३९०. म्हणजे ११० रुपये सुटतात. दुकानदार तिच्यासोबत तीन वस्तू जोडतो : झारा ११० रुपयांचा (खरेदी ७०), सांडशी १२० ची (खरेदी ७५) आणि झाकण ९० चं (खरेदी ६०). सुटं सगळं घेतलं तर ८२० होतात. सेट ठेवला ७५१ ला, “जवळपास सत्तर रुपये वाचतात” असं सांगून. खोकं, कागद आणि रिबीन मिळून ३० रुपये जातात.

बिल ५०० वरून ७५१ वर गेलं. वाढ निम्म्याहून किंचित जास्त. आता नफा बघा. चार वस्तूंची खरेदी ५९५, पॅकिंग ३०, एकूण ६२५. ७५१ मधून ६२५ गेले, उरले १२६. नुसती कढई विकून ११० सुटत होते. अडीचशे रुपयांनी बिल वाढवल्यावर हातात जास्त आले ते फक्त सोळा रुपये. त्यासाठी चार वस्तू शोधा, पुसा, खोक्यात बसवा, रिबीन बांधा.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. रोजच्या गिऱ्हाइकांत एखादा असाही असतो, जो या चारही वस्तू सुट्या घेणारच होता. त्याच्याकडून पूर्वी २२५ रुपये सुटत होते. आता तोही सेट उचलतो आणि १२६ देऊन जातो. त्याच्यामागे ९९ रुपये गेले. एका अशा गिऱ्हाइकाचा तोटा भरून काढायला कढईवरून सेटवर आलेली सहाहून जास्त गिऱ्हाइकं लागतात. पाचच आली, तर सरासरी बिल वाढलेलं असताना दुकान तोट्यात.

चूक कुठे आहे? पहिली सवलतीत. दुसरी झाकणात. झाकणाने खोकं भरलेलं दिसतं, पण ते नसतं म्हणून कुणी सेट नाकारला नसता. ते काढून टाकलं की कढई, झारा आणि सांडशी यांची सुटी किंमत ७३० होते आणि खरेदी ५३५. आता सेटची किंमत ७५१ च ठेवायची आणि त्यात पॅकिंग करून, वर भांड्यावर नाव घालून द्यायचं. पॅकिंगचे ३० आणि नाव घालायचे, समजा, १० धरले तर एकूण खर्च ५७५ आणि शिल्लक १७६. कढईवाल्याने सेट घेतला तर ६६ रुपये जास्त. सगळं सुटं घेणाऱ्याने घेतला तर १९ रुपये कमी. हे गणित दुकानाला झेपतं.

इथे गिऱ्हाइकाला एक पैशाचीही सूट मिळालेली नाही, उलट त्याने २१ रुपये जास्त दिले. तरी तो कुरकुरत नाही. कारण त्याला हवं होतं ते स्वस्त भांडं नव्हे, तर मांडवात हातात धरून नेता येईल असं काहीतरी. खोकं, नाव आणि “एवढ्यात काय द्यावं” या डोकेदुखीतून सुटका हेच त्याच्यासाठी मोलाचं असतं. आहेराची वस्तू घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा असल्यामुळे हे होतं. घरासाठी कढई घेणारी बाई वजन बघते, बूड बघते, कान ठोकून बघते. आहेरवाला खोक्याचा आकार बघतो.

(हे सांगताना एक इशाराही हवा. आकार मोठा दिसावा म्हणून पातळ पत्र्याची भांडी भरणारे दुकानदार असतात. गावात हे दुसऱ्या हंगामापर्यंत टिकत नाही. आहेर ज्या घरी जातो, ते घरही त्याच दुकानाचं गिऱ्हाईक असतं.)

सेट मुळात चालतो का?

वस्तू एकत्र विकल्याने फायदा का होतो, यावर अर्थशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. १९७६ मध्ये विल्यम जेम्स ॲडम्स आणि जॅनेट येलेन या दोघांनी यावर एक गाजलेला निबंध लिहिला. याच येलेनबाई पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष आणि नंतर अर्थमंत्री झाल्या. त्यांचा मुद्दा भांड्यांच्या दुकानातही समजतो.

दोन पाहुणे आहेत. पहिल्याला कढई आवडली आहे, तिच्यासाठी तो ६०० मोजेल, पण चमच्या-डावांच्या जोडीसाठी १०० च. दुसऱ्याचं उलट, कढईला ४०० आणि डावांच्या जोडीला ३००. कढई ६०० ला आणि जोडी ३०० ला ठेवली, तर पहिला कढई घेईल, दुसरा जोडी. गल्ला ९०० चा. दर उतरवून ४०० आणि १०० केले, तर दोघंही दोन्ही घेतील आणि गल्ला हजाराचा होईल. पण दोन्ही मिळून ७०० चा सेट ठेवला, तर दोघांच्याही मनातला आकडा तेवढाच आहे. दोघं घेतील आणि गल्ला १४०० चा होईल.

हे जमलं कारण दोघांच्या आवडी एकमेकांच्या विरुद्ध होत्या. दोघांनाही कढईच आवडली असती आणि डावांमध्ये रस नसता, तर सेटने काहीच साधलं नसतं. म्हणजे सेटमध्ये काय घालायचं याची कसोटी अशी : एक वस्तू जवळपास सगळे मागतात आणि दुसरी वेगवेगळ्या लोकांना कमी-अधिक हवी असते, अशी जोडी बरी. कुणालाच नको असलेला, दोन वर्षं फळीवर पडलेला माल सेटमध्ये खपवायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने सेटची किंमत वाढत नाही. चांगल्या कढईची मात्र उतरते.

त्याच निबंधात आणखी एक भेद आहे. वस्तू फक्त सेटमध्येच विकायच्या, की सेटही ठेवायचा आणि सुट्याही विकायच्या? गावच्या दुकानाला दुसरीच पद्धत परवडते. “कढई सुटी मिळणार नाही” असं म्हणालात, की तो माणूस केडगाव नाहीतर यवतच्या दुकानात जातो.

एका लग्नात सहा कढया

पुण्यातल्या दुकानाला जी अडचण येत नाही, ती राहूसारख्या गावात हटकून येते. एका लग्नाचे निम्मे पाहुणे त्याच एक-दोन दुकानांत येतात. दुकानदाराने एकच छान सेट बनवला आणि प्रत्येकाला तोच दाखवला, तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीच्या घरी सहा कढया, सहा झारे आणि सहा सांडश्या असतात. मग आठवड्याभरात नवरीचा भाऊ चार खोकी घेऊन दुकानात येतो, “बदलून द्या.” ओळखीचं घर असल्याने नाही म्हणता येत नाही. चार सेट परत आले, पॅकिंगचे १२० रुपये वाया गेले आणि त्या बदल्यात तो बहुधा दुकानातली सर्वांत कमी नफ्याची वस्तू घेऊन जातो.

नाव घातलेलं असेल तर पंचाईत आणखी. ‘चि. सौ. कां.’ अमुक हिस तमुककडून, असं कोरलेली कढई परत घेऊन विकायची कुणाला? नाव घालण्याने सेटचं मोल वाढतं आणि परतीचा रस्ता बंद होतो. म्हणून नाव घालण्याआधी “यावर बदली नाही” हे तोंडाने आणि बिलावर, दोन्हीकडे सांगावं लागतं.

उपाय साधा आहे आणि तो गावातल्याच दुकानदाराला शक्य आहे. लग्नपत्रिका गावात येतेच. प्रत्येक लग्नाचं एक पान करायचं आणि त्या लग्नासाठी कोण काय घेऊन गेलं ते तिथे लिहायचं. तिसरा माणूस कढईच्या सेटकडे वळला की, “त्या घरी दोन गेलेत, तुम्ही डब्यांचा घ्या,” असं सांगायचं. यासाठी एकाच किमतीचे तीन-चार वेगळे सेट हवेत : एक स्वयंपाकाचा, एक डब्यांचा, एक पाण्याचा (तांब्या, जग, ग्लास), एक पूजेचा (ताम्हण, पळी-पंचपात्री, समई). चौथा पितळेचा असल्याने त्याची किंमत स्थिर राहत नाही. पितळ आणि तांबं किलोच्या भावाने येतं आणि भाव हलला की ७५१ च्या खोक्यातला नफा गुपचूप गायब होतो. पितळेच्या सेटवर छापील किंमत न टाकलेली बरी.

असं पान ठेवणाऱ्या दुकानदाराला आणखी एक फायदा होतो. मित्रमंडळ किंवा भावकी वर्गणी काढून मोठा आहेर देणार असेल, तर दहा सुट्या बिलांऐवजी एक मोठं बिल करता येतं. हाही सेटच, फक्त गिऱ्हाइकांचा.

खोकी आधी भरून ठेवू नयेत

हंगामाच्या तोंडावर पन्नास खोकी भरून, रिबिनी बांधून रचून ठेवण्याची हौस महागात पडते. पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी सुटी कढई हवी असते, फळीवरच्या संपलेल्या असतात आणि पोरगा खोकं फोडून कढई काढून देतो. उरलेला झारा आणि सांडशी त्या खोक्यात पडून राहतात. जूनमध्ये अशी पंधरा अर्धी खोकी निघतात.

त्याऐवजी प्रत्येक सेटचा एकच नमुना उघडा मांडायचा आणि बिल झाल्यावर पॅक करायचं. पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात नावही घालून होतं. माल मोजतानाही सेट मोजायचा नाही, वस्तू मोजायच्या. ४० कढया, ४० झारे आणि २५ सांडश्या असतील तर सेट २५ च आहेत. पुण्याला रविवार पेठेत माल भरायला जाताना आणायच्या आहेत त्या सांडश्या, कढया नव्हेत. खोक्यावर ‘शुभविवाह’ छापून घेण्यापेक्षा कोरं खोकं आणि वर चिकटवायची चिठ्ठी बरी. तेच खोकं पुढे वास्तुशांतीला चालतं, बारशाला चालतं.

आणि अधिक महिन्यालाही. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन हंगामात महिनाभर लग्नं नाहीत. त्या वर्षीच्या मे महिन्याची आधीच्या मेशी तुलना करून “सेट चालले नाहीत” म्हणणं चुकीचं ठरेल. पण याच महिन्यात जावयाला वाण देतात, अनारशांसोबत तांब्याचं किंवा चांदीचं काहीतरी दिलं जातं. पूजेच्या सेटमधली ताम्हणं आणि तांब्याचे दिवे तेव्हा जावयाच्या ताटात जातात. हंगामाची तुलना करायची असेल तर महिन्यांची नव्हे, मुहूर्तांची करावी : एका मुहूर्तामागे आहेराची किती बिलं झाली आणि दर बिलामागे किती सुटले.

एकच किंमत लावली की कर बदलतो

सेटच्या हिशेबात सर्वांत कमी लक्ष दिलं जातं ते कराकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टील, पितळ, तांबं, ॲल्युमिनियमच्या घरगुती भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. नुसत्या भांड्यांचा सेट असेल तर प्रश्न नाही, सगळंच ५ टक्क्यांत. अडचण येते ती वेगळ्या दराची वस्तू आत घातल्यावर.

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ मध्ये याला ‘मिश्र पुरवठा’ म्हटलं आहे. एरवी स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या, की त्यांतल्या ज्या वस्तूवर सर्वांत जास्त दर आहे तो दर सगळ्या सेटला लागतो. कायद्यात दिलेलं उदाहरणही भेटीच्या डब्याचंच आहे : मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, शीतपेय असं एका किमतीला विकलेलं पॅकेट.

मित्रमंडळाचा आहेर म्हणून ३,००० ची भांडी आणि २,५०० चा मिक्सर (दोन्ही कराआधीच्या किमती) एकत्र दिला असं धरू. मिक्सरवर १८ टक्के आहे. बिलावर दोन्ही वेगळे लिहिले तर भांड्यांवर १५० आणि मिक्सरवर ४५०, एकूण कर ६००. ‘संसार सेट, एक नग’ म्हणून एकच किंमत लावली तर ५,५०० वर १८ टक्के, म्हणजे ९९०. एका ओळीच्या बिलाने ३९० रुपये जास्त गेले. म्हणून अशा ठिकाणी खोकं एक असलं तरी बिलावर वस्तू आणि त्यांच्या किमती वेगळ्या दाखवाव्यात आणि त्या वस्तू त्याच दराने सुट्याही मिळत असाव्यात. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्या आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला सहसा जीएसटी नोंदणीच लागत नाही. त्याला हा प्रश्न येत नाही. पण त्याहून मोठ्या दुकानाने हंगामाआधी एकदा आपल्या कर सल्लागाराला सेटचं बिल दाखवून घ्यावं.

राहू बेटात साहजिकच आणखी एक कल्पना सुचते : भांड्यासोबत गुऱ्हाळाचा गूळ. स्टीलच्या डब्यात गुळाची छोटी ढेप, वर खोबऱ्याची वाटी. गावाकडचा म्हणून हा आहेर पुण्यातल्या पाहुण्याला भावतो आणि डब्याचं बिल वाढतं. फक्त दोन गोष्टी बघाव्या लागतात. सुट्या गुळाला कर नाही, पण बांधून, लेबल लावून विकला की ५ टक्के लागतो, आणि लेबल आलं की वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव हे सगळं त्यावर आलं. दुसरी गोष्ट हवेची. गूळ दमट हवेत पाणी सोडतो. एप्रिलमध्ये भरलेला डबा मेपर्यंत ठीक असतो. जूनमध्ये वळवाच्या एका सरीनंतर त्याच डब्याच्या तळाशी काकवी साचते आणि रिबिनीला मुंग्या लागतात. हा सेट ऑर्डर आली की त्या आठवड्यापुरताच भरायचा.